दोन तापमानांवरून सळईची उष्णतावाहकता: सळई पितळेची, उत्तर मात्र २९०!

पैनगंगाकाठ

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सध्या सुट्टीत गावी आलोय, उमरखेड तालुक्यात. हीट ट्रान्सफरच्या पुस्तकात एक गणित असतं: लांब सळईचं एक टोक तापवलं, वाटेत दोन ठिकाणी तापमान मोजलं, सळई अनंत लांबीची फिन समजा आणि उष्णतावाहकता k काढा. म्हटलं, कागदावर सोडवण्यापेक्षा करूनच बघू.

भंगारवाल्याकडून पिवळी सळई आणली. व्यास १२ मिमी, लांबी थोडी जास्तच आहे. तेलाच्या रिकाम्या पिप्याला बाजूने भोक पाडून एक टोक आत घातलं, फट कणकेने बुजवली, पिप्यात पाणी उकळत ठेवलं. पिप्याबाहेर बरोबर १ मीटर सळई आडवी राहते, दुसऱ्या टोकाला दोऱ्याने टांगली आहे. मल्टिमीटरला थर्मोकपल आहे, त्यानेच मोजलं. रात्रीची वेळ, दारं बंद.

खोलीची हवा ३६ अंश. पिप्यापासून १० सेंमीवर ७२.०, ४० सेंमीवर ४३.२. म्हणजे हवेपेक्षा किती जास्त ते बघितलं तर ३६ आणि ७.२. पुढे, पृष्ठभागावरून हवेत उष्णता सुटण्याचा गुणांक h २५ धरून:

```
m = ln(36/7.2) / 0.30 = 5.365 प्रति मीटर
k = 4h / (D m²) = 4 × 25 / (0.012 × 28.78) ≈ 290
```

२९० वॅट प्रति मीटर केल्विन! पितळ तर ११० ते १२० च्या आसपास असायला हवं. २९० म्हणजे ॲल्युमिनियमच्या वर आणि तांब्याच्या खाली. दोनदा मोजलं, आकडे तेच. चुकतंय कुठे?

बंडू वेल्डिंग

काहून एवढा खटाटोप करून रायला बापा. पिवळी हाय, चुंबक चिकटत नाही, कानस मारली की आतून बी पिवळीच निंगते, म्हणजे पितळ. विषय संपला. वजन करून पाय, मीटरभर १२ ची सळई किलोच्या थोडी खाली भरंल.

आन कोणती धातू गरमी लवकर नेते ते आमच्या बोटायले मालूम हाय. स्टेनलेसचा तुकडा वितभर अंतरावर लाल होऊन रायला तरी दुसरीकडून हातात धरता येते. तांब्याचा धरून दाखव.

पैनगंगाकाठ

बंडूभाऊ, पितळ आहे हे मान्यच आहे. मला तिचा k मोजून काढायचाय. धातू आधीच माहीत आहे म्हणून तर उत्तर चुकलंय हे कळलं!

पुसदकर

तुझी चूक h मध्ये आहे. २५ कुठून घेतलास? पुस्तकातल्या उदाहरणातून उचललेला दिसतोय. बंद खोलीत नुसत्या हवेला २५ फार होतात. १० घे, k लगेच ११६ येतो. पितळ बरोबर बसलं.

बाकी सळईची लांबी व्यासाच्या ऐंशी पटींहून जास्त आहे, म्हणजे अनंत फिनचं गृहीतक पक्कं आहे. दहा पटींच्या वर गेलं की काळजी नसते.

जुने मास्तर

पुसदकर, h जास्त धरला गेला हे तुमचं निदान बरोबर आहे. पण औषध चुकतंय, आणि लांबीबद्दलचं म्हणणं तर अर्धंच खरं आहे. (मी अमरावतीला बरीच वर्षं हा विषय शिकवला, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.)

आधी h. उत्तर पितळेचं यायला हवं हे ठाऊक असल्यामुळे आपण १० निवडला. उद्या त्याच जागी कुठल्यातरी अनोळखी मिश्रधातूची सळई असेल तर १० घ्यायचा की १४, हे कोण सांगणार? दोन तापमानांनी आपल्याला फक्त m दिला. m मध्ये h आणि k दोघं भागाकारात अडकलेले आहेत. सळईतून पुढे जाणारी उष्णता आणि वाटेत हवेत सुटणारी उष्णता यांचं गुणोत्तर तापमानांच्या उतरंडीत दिसतं, त्या दोघांपैकी एकाचीही स्वतंत्र किंमत दिसत नाही. पिप्यातून किती वॅट सळईत शिरले हे आपण मोजलेलंच नाही, मग k एकटा बाहेर यायचा कुठून? पुस्तकातल्या गणितात h आयता दिलेला असतो म्हणून तिथे हे जाणवत नाही.

शिवाय k हा h च्या सरळ पटीत येतो. h मध्ये दीडपट चूक, तर k मध्येही दीडपट.

आता लांबी. लांबी भागिले व्यास या गुणोत्तरावर अनंतपणा ठरत नाही. ठरतो तो m गुणिले लांबी यावर. तुमच्या पितळेला m सुमारे ५.४ आहे, म्हणजे साधारण दर १९ सेंमीला हवेवरची वाढ एक तृतीयांशाच्या थोडी वर उरते. मीटरभरात टोकापर्यंत जवळजवळ काहीच शिल्लक राहत नाही, म्हणून ही सळई अनंत चालते. याच मापाची तांब्याची सळई घ्या, लांबी-व्यास तेच, पण ती इतकी सहज अनंत म्हणता येणार नाही. त्याच मापाची लोखंडी सळई ६० सेंमीतही अनंत होते.

पैनगंगाकाठ, दोन गोष्टी सांगा. पंखा बंद होता ना? आणि पाणी उकळल्यावर किती वेळाने मोजलं?

पैनगंगाकाठ

पंखा बंदच होता सर, लाइन गेली होती 😀 उकळायला लागल्यावर तासाभराने मोजलं. मध्ये एकदा पिप्यात पाणी घातलं, पण ते उकळतंच घातलं.

जुने मास्तर

छान. एवढ्या जाडीच्या पितळेला स्थिरावायला पाऊण तास तरी लागतो. दहा मिनिटांच्या अंतराने घेतलेली दोन वाचनं सारखी आली की समजायचं, झालं. घाई केली तर दूरचा बिंदू अजून चढत असतो, तापमानाची उतरंड आहे त्यापेक्षा तीव्र दिसते आणि k कमी येतो. तुमचा जास्त आलाय, त्यामुळे ते कारण नाही.

तुमच्या मोजणीतली एक गोष्ट मला आवडली. पिप्याच्या भोकापाशी नेमकं किती तापमान आहे, कणकेतून किती गळती आहे, यात तुम्ही शिरलाच नाहीत. गरजही नाही. दोन्ही बिंदू बाहेरच्या भागातले आहेत, त्यांच्यातलं अंतर आणि वाढींचं गुणोत्तर पुरतं.

पुसदकर

मास्तर, h अंदाजाने घेतला हे कबूल, पण तो काढताही येतो. आडव्या दंडगोलाला नैसर्गिक अभिसरणाचं सोपं सूत्र आहे:

```
h = 1.32 (ΔT/D)^0.25
```

दोन बिंदूंच्या मधली सरासरी वाढ १८ अंशांच्या आसपास धरली तर ८.२ येतं. पितळ मळकट आहे, त्याची उत्सर्जकता ०.२ धरली तर प्रारणाचे अजून १.५. बेरीज ९.७. k आला ११२. आता तर मी उत्तराकडे बघून h निवडलेला नाही!

जुने मास्तर

आता बोललात! हा रस्ता सरळ आहे. पण त्यावर किती विसंबायचं ते बघा. असली सूत्रं १५-२० टक्क्यांनी इकडेतिकडे होतात, तीही खोली शांत असली तर. आणि ०.२ ही उत्सर्जकता कुठून आली? घासलेली पितळ ०.०५ च्या खाली जाते, भंगारात पडून काळवंडलेली ०.५ च्या वर. ही सळई नक्की कुठे बसते हे डोळ्यांनी सांगता येत नाही. तुमचं उत्तर पितळेवर अचूक बसलं यात नशिबाचा वाटा थोडा आहे.

पुसदकर

थोडा असेल. पण कारखान्यात १५ टक्के आम्हाला चालतात 🙂

कपाशीवाली

मी शेतकरी आहे, गणित कळत नाही, पण सळईवरून आठवलं म्हणून विचारते. आमच्याकडे वेचणीनंतर कापसाची गंजी लावतात. कापूस ओलसर असला की गंजी आतून तापते, म्हणून सासरे तीत लोखंडी सळई खुपसून ठेवतात आणि मधूनमधून हात लावून बघतात. यंदा बाहेरचं टोक गार होतं म्हणून निर्धास्त राहिलो आणि आतला कापूस पिवळा पडला. सळई खराब होती का? दुसऱ्या धातूची घ्यावी का?

जुने मास्तर

ताई, धाग्याचा प्रश्न वेगळा आहे, पण तुमची सळई अगदी याच विषयातली आहे. ती खराब नव्हती. गंजीबाहेर आलेला तिचा भाग हीच एक फिन आहे. १२ मिमीच्या गंजलेल्या लोखंडी सळईत उघड्या हवेत दर १० सेंमीला वाढ एक तृतीयांशाच्या आसपास उरते. गंजीच्या तोंडाशी सळई हवेपेक्षा ३० अंशांनी गरम असली, तर वीतभर बाहेर ४ अंश आणि हातभर बाहेर अर्धा अंशसुद्धा नाही. बाहेरचं टोक कायम गारच लागणार, आत आग लागायची वेळ आली तरी.

सळई ओढून काढायची आणि जो भाग खोल आत होता तिथे लगेच हात लावायचा. जाणती माणसं तसंच करतात. तांब्याची घेतली तर टोक थोडं गरम लागेल, पण पैसे कशाला घालवता?

कपाशीवाली

ओढून बघायचं हे सासू म्हणतच होती. धन्यवाद सर.

नेरपिंगळाईचा

थर्मोकपल कशाला? इन्फ्रारेड गन घ्या, ट्रिगर दाबत सळईवरून फिरवत जा. पाच मिनिटांत सगळे आकडे.

पैनगंगाकाठ

मित्राकडून आणली होती. १० सेंमीवर थर्मोकपल ७२ दाखवत होतं, गन ४४. चकचकीत धातूकडे बघते तेव्हा तिला धातूपेक्षा आजूबाजूच्या भिंतीच जास्त दिसतात बहुतेक. आणि तिचा ठिपका सळईपेक्षा मोठा पडतो. दिली परत.

मास्तर, मग h माहीत नसताना k काढायचा मार्ग आहे का? की इथेच थांबायचं?

जुने मास्तर

मार्ग आहे, आणि जुना आहे. h काढत बसायचं नाही, तो दोन्ही बाजूंनी छाटून टाकायचा.

जिचा k माहीत आहे अशी त्याच व्यासाची दुसरी सळई घ्या. शुद्ध विद्युत तांबं चांगलं, त्याचा k या तापमानांना ३९० च्या जवळपास असतो आणि फारसा हलत नाही. लोखंड घेऊ नका, कार्बनप्रमाणे ते ४५ ते ६० कुठेही असू शकतं, मग मापायची पट्टीच लवचिक होते.

दोन्ही सळयांचा पृष्ठभाग सारखा करा. रंग आणायची गरज नाही. रॉकेलच्या चिमणीवर किंवा तेलाच्या दिव्यावर धरून दोन्हींवर एकसारखी काजळी चढवा. काजळी जवळजवळ पूर्ण काळी असते, त्यामुळे प्रारणाचा हिस्सा दोन्हींना सारखा होतो आणि ०.२ की ०.५ हा वाद मिटतो. थर इतका पातळ असतो की सळईतून जाणाऱ्या उष्णतेला त्याचा फरक पडत नाही. फक्त बोट लागू देऊ नका.

आता खरी खुबी. दोन्ही सळयांवर १० आणि ४० सेंमीवर मोजू नका. h हा तापमानावरही अवलंबून आहे, वाढ कमी होत जाते तसा तो थोडा घटतो. तांब्याची सळई १० ते ४० सेंमीमध्ये पितळेपेक्षा गरम असणार, म्हणजे तिथला सरासरी h वेगळा, आणि छाटाछाट कच्ची राहील. त्यापेक्षा तापमानं ठरवा आणि अंतर शोधा. हवा ३५ असेल तर प्रत्येक सळईवर ६५ कुठे येतं आणि ४५ कुठे येतं ते शोधून खूण करा. वाढ ३० वरून १० वर यायला प्रत्येक सळईला किती लांबी लागली तेवढंच मोजा.

दोन्ही सळया त्याच तापमानांमधून उतरतात, म्हणून h कसाही बदलत असला तरी दोघींना सारखाच बदलतो. समीकरण एकदा संकलित करून बघा: h हा तापमानाचं कोणतंही फल असू दे, सळई लांब असेल तर त्या लांबीचा वर्ग k च्या अचूक प्रमाणात येतो. म्हणजे:

```
k(पितळ) = k(तांबे) × (पितळेची लांबी / तांब्याची लांबी)²
```

आणखी थोडं. एकच थर्मोकपल सगळीकडे वापरा, हवेलाही तेच. ते अर्धा अंश खोटं दाखवत असलं तरी तिन्ही ठिकाणी सारखंच खोटं दाखवेल आणि वजाबाकीत ते निघून जाईल. हवा मोजताना नुसतं लोंबकळत ठेवू नका, तशाच काजळी धरलेल्या, न तापवलेल्या तुकड्याला बांधा. त्याला भिंती आणि छप्पर दोन्ही दिसतात, तोच खरा परिसर. पिप्याच्या आणि सळईच्या मध्ये पुठ्ठा उभा करा, नाहीतर शेगडीचा गरम झोत सळईवर येतो. आणि दुपारी करू नका. आपल्याकडे मे महिन्यात टिनाचं छप्पर हवेपेक्षा किती तापतं ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा सळईला वरून उष्णता मिळत असते.

अकरावी-बारावी

मास्तर, हा तर इंगेनहाउझचा प्रयोग झाला! निरनिराळ्या धातूंच्या सळयांना मेण लावून एक टोक गरम पाण्यात, आणि मेण कुठपर्यंत वितळलं ते बघायचं. लांबीच्या वर्गांचं गुणोत्तर हेच k चं गुणोत्तर. आम्ही अजून वर्गात दाखवतो, पण "वर्ग" कुठून आला हे मुलांना मी आजवर नीट सांगू शकलो नव्हतो. मेणाचा वितळबिंदू म्हणजे ठरवलेलं तापमान, एवढंच की.

पण मग आमच्या सळया फूटभरच असतात. तांब्याच्या सळईवरचं मेण टोकापर्यंत वितळतं, मुलं टाळ्या वाजवतात.

जुने मास्तर

बरोबर ओळखलंत. प्रकाशसंश्लेषणावर काम करणारे तेच हे १८व्या शतकातले डच इंगेनहाउझ. फूटभर तांब्यावर तुम्ही क्रम दाखवू शकता, गुणोत्तर नाही. मेण टोकाला पोहोचलं की ती सळई अनंत राहिलीच नाही.

बंडू वेल्डिंग

तांब्याची सळई आणायले जाशीन तर चुंबक खिशात ठेव. अर्थिंगसाठी मिळते ते लोक तांबं म्हणूनच देते, पण लय वेळा आतून लोखंड रायते, वरून निस्ता तांब्याचा मुलामा. चुंबक चिकटलं की वापस कर. आता नको म्हणू चुंबकाचं काम नाही म्हणून.

पैनगंगाकाठ

बंडूभाऊ, तुमचंच ऐकलं. तालुक्याच्या दुकानात पहिली दाखवलेली सळई चुंबकाला चिकटली! दुसरी घनतांब्याची निघाली. १२ मिमी, पण महाग, म्हणून परत करायच्या बोलीवर आणली आहे. काजळी पुसून द्यावी लागेल.

काल रात्री दोन्ही केल्या. न तापवलेला काळा तुकडा ३५.० दाखवत होता, शेवटपर्यंत ३५.२ च्या वर गेला नाही.

पितळ: ६५ पासून ४५ पर्यंत १६.२ सेंमी. टोकाला ३५.२.

तांबं: ६५ आलं १८.६ सेंमीवर, ४५ आलं ४९.० वर. म्हणजे ३०.४ सेंमी. टोकाला ३८.१.

```
k = 390 × (16.2/30.4)² ≈ 111
```

h कुठेच वापरला नाही, आणि पितळ पितळेसारखं आलं! एक मात्र कळलं नाही. काजळी धरल्यावर पितळेचा m ५.३७ वरून ६.७८ झाला. सळई तीच, k तोच.

जुने मास्तर

तुमचा प्रश्न हेच पुसदकरांना उत्तर आहे. m चा वर्ग २८.८ वरून ४६ झाला, म्हणजे नुसत्या काजळीने h सुमारे १.६ पट वाढला. पहिल्या दिवशीचा h = १० या काळ्या सळईला लावला असता तर k ७२ आला असता. सळईच्या आत काहीही बदललेलं नसताना.

आता तुमच्या तांब्याकडे बघा. टोक ३८.१, म्हणजे परिसरापेक्षा ३ अंश गरम. पितळेचं टोक खोलीच्या तापमानाला येऊन टेकलं, तांब्याचं नाही. सळई अनंत नाही याची खूण हीच. उष्णतेला टोकाशी पुढे जायला जागा नाही, त्यामुळे टोकाजवळचा भाग अनंत सळईपेक्षा थोडा जास्त गरम राहतो आणि ४५ चा बिंदू पुढे सरकतो.

किती सरकला ते काढता येतं. एखाद्या बिंदूवरची वाढ अनंत सळईच्या मानाने साधारण इतक्या पटीने फुगते:

```
1 + exp(-2 m × टोकापर्यंतचं उरलेलं अंतर)
```

तुमच्या ४५ च्या बिंदूपासून टोक ५१ सेंमी दूर आहे आणि तांब्याचा m ३.६, म्हणजे फुगवटा अडीच टक्के. ६५ चा बिंदू टोकापासून लांब आहे, तिथे पाव टक्का. अंतरात बोलायचं तर सुमारे ०.६ सेंमी. ३०.४ ऐवजी २९.८ धरा, k ११५ येतो.

लांबीतली चूक वर्गामुळे दुप्पट होऊन k मध्ये उतरते हे विसरू नका. तुमच्या खुणा २-३ मिमी इकडेतिकडे झाल्या असतील तर पितळेच्या बाजूनेच साडेतीन टक्के गेले. मी असतो तर "११०-१२०" लिहून थांबलो असतो.

आणि पहिल्या दिवसासारखी दोनच तापमानं कधी घेऊ नका. दोन बिंदूंमधून घातांकी रेषा नेहमीच जाते, चुकीची असली तरी. तिसरं वाचन टोकाचं घ्या, ते फुकट असतं.

पुसदकर

पटलं, काजळीचा मुद्दा पटला. तरी एक शंका उरतेच. तुम्ही h ऐवजी आता तांब्याच्या ३९० वर विसंबताय. तांबंसुद्धा एक नसतं. फॉस्फरस टाकून केलेलं तांबं, एसी-फ्रिजच्या नळ्यांचं असतं तसलं, त्याचा k बराच खाली, ३००-३४० पर्यंतही येतो. दुकानदाराला कुठलं ते सांगता येणार आहे का? ३३० असेल तर हीच पितळ ९७-९८ वर जाईल.

जुने मास्तर

खरं आहे, आणि चुंबकाने हे कळणार नाही. पण त्या तांब्यात विद्युतवाहकताही जवळपास त्याच प्रमाणात पडते. सळईतून ठरावीक करंट सोडून मीटरभरावर किती मिलिव्होल्ट पडतात ते बघायचं. १२ मिमीच्या शुद्ध तांब्याच्या मीटरभर सळईचा रोध ०.१५ मिलिओहम असतो, फॉस्फरसवाल्याचा त्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने जास्त. अडचण एवढीच की १० अँपिअरला फक्त दीड मिलिव्होल्ट मिळतो, मल्टिमीटरवर शेवटचा आकडाच हलेल. करंट मोठा हवा.

पैनगंगाकाठ

ट्रॅक्टरची बॅटरी आणि चार हेडलाइट बल्ब समांतर जोडले तर १८ च्या आसपास अँपिअर मिळतील. २.७ मिलिव्होल्ट आले तर शुद्ध, ३.३ च्या आसपास गेले तर पुसदकरदादा जिंकले. पण माझा मीटर १० अँपिअरपर्यंतच मोजतो.

अकरावी-बारावी

प्रत्येक बल्बचा करंट वेगळा मोजून बेरीज करा.

बंडू वेल्डिंग

कायले बल्ब जोडत बसतं. माह्यापाशी डीसी इन्व्हर्टर सेट हाय, ऐंशी अँपिअरवर लावून देतो, क्लॅम्प मीटर बी हाय, डीसी मोजणारा. दुकान ढाणकीच्या रोडवर हाय. सळई वापस करायच्या आधी घेऊन ये, काजळी पुसून आण मात्र, होल्डर खराब होते.

पैनगंगाकाठ

परवा येतो भाऊ. मिलिव्होल्टच्या तारा क्लॅम्पवर न जोडता सळईलाच आतल्या बाजूला लावायच्या ना सर?

जुने मास्तर

हो, क्लॅम्पच्या आत, बरोबर ८० सेंमी अंतरावर, करंट १०-१५ सेकंदच. शुद्ध असेल तर ऐंशी अँपिअरला ९.७ मिलिव्होल्टच्या आसपास यायला हवेत. आकडा इथे टाका, मग ३९० ठेवायचा की नाही ते बघू.